स्वाइपपासून सहा आठवडे

आदरणीय ताई,

मी ३१ वर्षांची आहे. मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे पुण्यात एकटी राहते. दीड वर्ष झालं, टिंडर, बंबल आणि हिंज तिन्ही वापरते. रोज रात्री अंथरुणात पडून तासभर स्वाइप करते आणि नंतर एकही चेहरा आठवत नाही. मॅच झाला तरी काही वाटत नाही, ‘हाय, काय करतेस?’ला उत्तर देणं जिवावर येतं. दोनदा ॲप्स काढून टाकली, चार-पाच दिवसांत परत घेतली. बंबलचे पैसे दर महिन्याच्या १८ तारखेला आपोआप कापले जातात. सध्या चौघांशी बोलणं चालू आहे. त्यातल्या एकाला दोनदा भेटले. माणूस बरा आहे, पण माझ्याच मनात काही उमटत नाही. आई म्हणते, ॲपवर जमत नसेल तर विवाह मंडळात नाव नोंदवू. थांबावंसं वाटतं, पण या वयात संधी गेली तर? आणि थांबायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

– एक वाचक, पुणे

प्रिय मैत्रीण,

थांबा. सहा आठवडे थांबा. मात्र आधी दोनदा थांबलात तसे रात्री कंटाळून नव्हे, तर दिवसाउजेडी कॅलेंडर समोर ठेवून, सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहून थांबा. सहा आठवड्यांचा आकडा मी अनुभवाने सांगते आहे. पहिले दहा-बारा दिवस हाताची सवय मोडण्यातच जातात. त्यानंतर मन मोकळे व्हायला आणि त्या मोकळेपणात काय उरते ते पाहायला महिनाभर तरी लागतो. त्याहून मोठी मुदत ठेवली, तर ‘संधी गेली तर?’ हा प्रश्न तुम्हाला मध्येच परत ओढून आणेल.

तुमच्या मनात काही उमटत नाही याचा दोष तुम्ही स्वतःला देता आहात, म्हणून कारणाविषयी आधी लिहिते. टिला प्रोंक आणि याप डेनिसन या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहभागी झालेल्यांना संभाव्य जोडीदारांची छायाचित्रे एकापाठोपाठ एक दाखवली गेली आणि प्रत्येकाला होकार द्यायचा की नकार हे विचारले गेले. पहिल्या छायाचित्रापासून शेवटच्यापर्यंत जाताना होकार मिळण्याची शक्यता सरासरी २७ टक्क्यांनी घटली. शेवटी आलेले लोक वाईट होते असे नाही. पाहत जाण्याच्या त्या ओघातच मन मिटत गेले, छायाचित्रांविषयीचे समाधान कमी झाले आणि आपल्याला कोणी मिळेल हा विश्वासही उतरला. साड्यांच्या दुकानात पन्नासावी साडी उलगडली जाते तेव्हा ती कितीही चांगली असली तरी डोळे नुसते पाहतात, दिसत काहीच नाही, तशातला हा प्रकार आहे.

याचा तुमच्याशी थेट संबंध आहे, कारण ज्याला तुम्ही दोनदा भेटलात त्यालाही तुम्ही याच मिटलेल्या मनाने भेटलात. आदल्या रात्री तासभर नकार देत राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी समोरच्याकडेही नकाराच्याच तयारीने पाहतो. म्हणून ‘माझ्या मनात काही उमटत नाही’ हा निष्कर्ष मला आज घाईचा वाटतो. तो खरा असू शकेल, पण सध्याच्या अवस्थेत तो तपासण्याचे साधन तुमच्यापाशी नाही.

एवढा थकवा येऊनही ॲप सुटत का नाही, याचे कारण वेगळे आहे. मॅच कधी होईल हे ठरलेले नसते. कधी दहा स्वाइपनंतर होतो, कधी शंभर झाले तरी होत नाही. फळ केव्हा मिळेल हे ठाऊक नसलेली कृती आपण सर्वांत चिवटपणे करत राहतो, हे बी. एफ. स्किनर यांनी पक्ष्यांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून फार पूर्वीच दिसले होते. आनंद आटला तरी हात चालू राहतो. तुम्हाला एकही चेहरा आठवत नाही आणि तरीही तास निघून जातो, त्याचा उलगडा यात आहे. हा इच्छाशक्तीचा प्रश्न मानलात तर तिसऱ्यांदाही तेच होईल.

आता पूर्वीचे दोन प्रयत्न का फसले ते पाहू. फोनवरून ॲप काढून टाकल्याने खाते बंद होत नाही. ते कंपनीकडे तसेच राहते, तुमचे प्रोफाइल लोकांना दिसत राहू शकते, त्यांचे लाइक येऊन पडतात, जुन्या मॅचचे संदेश साठत जातात आणि पैसेही कापले जात राहतात. म्हणजे तुम्ही दुकानातून निघालात, पण तुमच्या नावाची पाटी आणि तुमचे बिल दोन्ही तिथेच राहिले. चार दिवसांनी ‘कोणी काही लिहिले असेल का?’ हा विचार येतो तो निराधार नसतो, खरोखरच कोणी तरी लिहिलेले असते. म्हणून या वेळी क्रम उलटा ठेवा. आधी माणसे, मग पैसे, मग प्रोफाइल आणि सर्वांत शेवटी फोनवरचे ॲप.

चौघांपैकी तिघांशी तुमचे केवळ लिहिणे चालू आहे. त्यांना उत्तर न देता नाहीसे होऊ नका. तसे केलेत तर अपुरी राहिलेली संभाषणे हेच परतण्याचे पहिले निमित्त ठरेल. तिघांनाही एकाच दिवशी, एकाच आशयाचा छोटा संदेश पाठवा: ‘मी उद्यापासून काही आठवडे ॲपवर नसेन. थोडी विश्रांती हवी आहे. तुमच्याशी बोलून बरे वाटले, शुभेच्छा.’ परत कधी येणार ते लिहू नका, ‘संपर्कात राहू’ असेही लिहू नका. कोणी कारण विचारले, तर ते सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. यांपैकी कोणाशी बोलणे थांबवताना खरोखर हळहळ वाटली, तर ती वहीत लिहून ठेवा. बहुधा वाटणार नाही, आणि तेही कळणे उपयोगाचे आहे.

चौथ्याची गोष्ट निराळी. सुट्टी स्वाइप करण्यापासून आहे, एका हाडामांसाच्या माणसापासून नव्हे. त्याला फोन करून सांगा की तुम्ही ॲप बंद करता आहात, तुम्हाला थकवा आला आहे आणि त्याची हरकत नसेल तर पंधरा दिवसांनी तुम्ही दोघे पुन्हा भेटू शकाल. पंधरा दिवस यासाठी की मधल्या काळात एकही नवा चेहरा तुमच्या डोळ्यांसमोरून सरकलेला नसेल. ती भेट सकाळची ठेवा आणि काही तरी करण्याची ठेवा, पर्वती चढण्याची किंवा एखादे प्रदर्शन पाहण्याची. समोरासमोर बसून एकमेकांना प्रश्न विचारण्यापेक्षा बरोबरीने काही करताना माणूस अधिक मोकळेपणी दिसतो. त्या भेटीनंतर, आणि जमल्यास आणखी एका भेटीनंतर, काहीच उमटले नाही, तर त्याला तसे स्पष्ट सांगा आणि विषय मिटवा. तेव्हाचा तो निष्कर्ष विश्वास ठेवण्याजोगा असेल.

पैशांचे काम १६ तारखेच्या आत उरका. अँड्रॉइड फोन असेल तर प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे असलेल्या तुमच्या चित्रावर दाबा, तिथे Payments & subscriptions आणि त्यात Subscriptions सापडेल. आयफोनवर Settings उघडून तुमच्या नावावर दाबले की Subscriptions दिसते. आयफोनवर नूतनीकरणाच्या किमान एक दिवस आधी रद्द करावे लागते, म्हणूनच मी दोन दिवसांची सवड धरली. यूपीआयवरून आपोआप भरण्याची परवानगी दिली असेल, तर तुमच्या यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या यादीतही एकदा पाहून घ्या. वर्गणी रद्द केली तरी भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत सोयी चालू राहतात, त्यामुळे ‘महिना तरी वसूल होऊ दे’ म्हणून लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही. केवळ ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, हे पुन्हा सांगते, कारण लोक नेमके इथेच फसतात.

त्यानंतर प्रोफाइल. तिन्ही ॲप्समध्ये खाते न पुसता ते नजरेआड करण्याची सोय आहे. बंबलमध्ये तिला Snooze म्हणतात आणि ती चोवीस तास, बहात्तर तास, आठवडा किंवा बेमुदत अशी निवडता येते. तुम्ही बेमुदत निवडा. आठवड्याची निवडलीत तर आठव्या दिवशी प्रोफाइल आपोआप पुन्हा लोकांसमोर येईल आणि निर्णय तुमच्या हातात राहणार नाही. हिंजमध्ये Pause आहे. टिंडरमध्ये नव्या लोकांना प्रोफाइल दाखवण्याची खूण बंद करायची असते. या सोयींनी तुम्ही नव्या लोकांना दिसत नाही, पण जुन्या मॅचना दिसत राहता आणि ते लिहूही शकतात. निरोपाचे संदेश आधी पाठवायचे ते यासाठीच.

खाते पूर्ण पुसून टाकावे का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. कोणी त्रास देत असेल किंवा ॲपवर परतायचेच नाही असे ठरले असेल, तर पुसावे. तुमच्या बाबतीत मी तसे सुचवणार नाही. संधी गमावण्याची भीती तुम्हाला आधीच आहे, आणि सगळे पुसले म्हणजे ती भीती पहिल्याच आठवड्यात वाढेल. प्रोफाइल झाकलेले असले, की काही हरवलेले नाही एवढा दिलासा मनाला पुरतो. हे सगळे झाल्यावर तिन्ही ॲप्स फोनवरून काढा आणि त्यांच्याकडून येणाऱ्या ईमेललाही नकार नोंदवा. ‘कोणाला तरी तुम्ही आवडलात’ अशा मथळ्याचे एक पत्र पंधरा दिवसांच्या शांततेवर पाणी फिरवू शकते.

संधीच्या भीतीविषयी वयाचा विचार न करता एक साधा हिशेब करा. गेल्या सहा आठवड्यांत तुम्ही किती नव्या माणसांना प्रत्यक्ष भेटलात, आणि त्यांपैकी कितींना पुन्हा भेटावेसे वाटले, हे कागदावर लिहा. पुढचे सहा आठवडे थांबल्याने तुम्ही जास्तीत जास्त तेवढेच गमावणार आहात. तुमच्या पत्रावरून मला वाटते, हा आकडा फार लहान असेल. एकतिसाव्या वर्षी घाई वाटणे मी समजू शकते आणि ती भीती पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. मात्र थिजलेल्या मनाने केलेल्या स्वाइपला संधी म्हणणे मला मान्य नाही.

आता रात्रीचा तो तास. खरी परीक्षा तिथेच आहे, कारण ॲप गेले तरी तास जात नाही. चार्जर स्वयंपाकघरात किंवा बाहेरच्या खोलीत लावा आणि गजरासाठी साधे घड्याळ आणा. ‘गजर फोनवर आहे’ ही सबब त्यामुळे उरत नाही. उशाशी एक वही ठेवा. फोनकडे जावेसे वाटले की किती वाजले आणि त्याआधी काय घडले, एवढेच एका ओळीत लिहा. ‘सव्वाअकरा, मैत्रिणीच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले.’ ‘पावणेबारा, आईचा फोन झाला.’ ‘साडेदहा, साहेबांनी सगळ्यांसमोर चूक काढली.’ दोन आठवड्यांनी ही पाने सलग वाचा. जोडीदार शोधण्यासाठी तुम्ही किती रात्री स्वाइप केले असते आणि कुठला तरी सल विसरण्यासाठी किती, हे तुमच्याच अक्षरात दिसेल. मला येणाऱ्या पत्रांत दुसरे कारणच बहुतेक वेळा मोठे निघते. साखरपुड्याच्या फोटोंनी दुखावलेल्या मनाला अनोळखी चेहऱ्यांपेक्षा त्या मैत्रिणीशी दहा मिनिटे बोलण्याचा उपयोग अधिक होतो, पण आधी दुखले आहे हे कळावे तर लागते.

या काळात दुसऱ्या कुठल्या रांगेत जाऊन बसू नका. रील्स पाहत राहणे ही तशीच रांग आहे, आणि विवाह मंडळाचे बायोडेटाही. छायाचित्र, उंची, शिक्षण, पगार, पुढचा. व्हॉट्सॲपवर आईने पाठवलेली दहा स्थळे रात्री अकराला चाळणे म्हणजे कंपनीचे नाव बदललेले स्वाइपच. विवाह मंडळ वाईट असे माझे म्हणणे नाही. अनेकांची चांगली लग्ने तिथून जुळली आहेत आणि सहा आठवड्यांनंतर तुम्ही तो मार्ग मोकळ्या मनाने विचारात घ्यावा. मात्र थकवा घालवण्यासाठी घेतलेल्या सुट्टीत त्याच प्रकारचे काम भरले, तर सुट्टी उरत नाही.

आईशी हे गोलगोल न बोलता, तिने पुढचे स्थळ सुचवण्याआधीच बोला. ‘आई, मला लग्न करायचं आहे. पण सध्या कोणालाही नीट पाहण्याची माझी मनःस्थिती नाही. सहा आठवडे मला एकही बायोडेटा पाठवू नकोस. त्यानंतरच्या रविवारी मी घरी येईन आणि आपण दोघी बसून बोलू, विवाह मंडळाचंही बोलू.’ यात नकार नाही, तारीख आहे आणि भेटीचे वचन आहे. आयांची चिंता बहुधा ‘ही टाळते आहे’ या शंकेने वाढते. तारीख दिली की ती शंका पुष्कळ कमी होते. तरीही एखादे स्थळ आलेच, तर न उघडता ‘त्या रविवारी बघू’ असे उत्तर द्या आणि त्यावर वाद घालू नका.

मधल्या आठवड्यांत काय होईल याची थोडी कल्पना देऊन ठेवते. पहिल्या आठवड्यात हात सारखा फोनकडे जाईल आणि काही तरी राहून गेल्यासारखे वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांना एकटेपणा लख्ख जाणवू लागतो, आणि तिथेच पुष्कळ जण सुट्टी मोडतात, कारण त्यांना वाटते की सुट्टीमुळे आपली अवस्था बिघडली. तो एकटेपणा आधीही होता, स्वाइपच्या गर्दीत तो ऐकू येत नव्हता इतकेच. त्या दिवसांसाठी दोन कामे आधीच ठरवून ठेवा: आठवड्यातील एक ठरलेली संध्याकाळ ज्यात माणसे प्रत्यक्ष भेटतील, मग ती गिर्यारोहणाची असो की गाण्याच्या वर्गाची, आणि एक शनिवार-रविवार साताऱ्याला. नवा जोडीदार शोधण्याच्या हेतूने या ठिकाणी जाऊ नका, नाही तर तिथेही तुम्ही मनातल्या मनात स्वाइपच करत राहाल.

सुट्टीचा उपयोग होतो आहे हे काही खुणांवरून ओळखता येते. ऑफिसात कोणी सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी आठवते. एखाद्या अनोळखी माणसाविषयी कुतूहल वाटते आणि त्याला काही विचारावेसे वाटते. कोणी तुमची दखल घेतली तर आत किंचित का होईना, हालचाल होते. चौथ्या आठवड्यानंतरही यांतले काही जाणवले नाही, तर एका गोष्टीकडे नीट पाहा: हे थिजलेपण फक्त ॲपपुरते आहे की सगळीकडे आहे? जेवणाची चव, झोप, कामातील लक्ष, मैत्रिणींचा सहवास, पूर्वी आवडणारे गाणे, यांतही दोन आठवडे बहुतेक दिवस तसेच रिकामे वाटत असेल, तर ते केवळ ॲपचे दुखणे नाही आणि सुट्टीने ते बरे होणार नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. जगणे नको वाटू लागले, तर चौथ्या आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी तिथे फोन करा.

ठरलेल्या तारखेला परतायचे असेल तर तिन्ही नव्हे, एकच ॲप परत घ्या. मी तुमच्या जागी हिंज निवडेन, कारण पैसे न भरता तिथे रोज मोजकेच लाइक देता येतात आणि ती मर्यादा तुमच्या बाजूची आहे. वेळ संध्याकाळची, जेवणापूर्वीची, वीस मिनिटांची ठेवा, आणि अंथरुणात ॲप उघडायचे नाही हा नियम कायमचा करा. एका बैठकीत दहापेक्षा अधिक प्रोफाइल पाहू नका आणि प्रत्येक प्रोफाइल शेवटपर्यंत वाचा. त्या माणसाला विचारावासा एक खरा प्रश्न सुचला तरच लाइक द्या आणि तोच प्रश्न लिहा. एका वेळी तिघांपेक्षा अधिक जणांशी बोलू नका. आठवड्याभरात फोनवर बोलणे झाले नाही, तर ते संभाषण सौजन्याने संपवा.

त्या दिवशी ॲप उघडण्याचा विचारच नकोसा वाटला, तर मुदत आणखी तीन आठवड्यांनी वाढवा आणि नवी तारीख लगेच वहीत लिहा. परतलात तरी पहिला महिनाभर कोणतीही वर्गणी भरू नका, कारण पैसे भरले की ते वसूल करण्यासाठी पुन्हा रात्रीचा तो तास लागतो.

तुमची,
ताई